फ्लेक्सवर बॅटच्या ग्रेन्स गायब होतात, त्यावर इलाज

स्पोर्ट्स शॉपच्या बॅनरचं काम आलं की ही तक्रार हमखास येते. डिझाइन पास करताना दुकानदाराने स्क्रीनवर ग्रेन्स बघितलेल्या असतात, खूश होऊन "लावा मशीनला" म्हटलेलं असतं, आणि फ्लेक्स दुकानावर चढला की त्याचा फोन येतो: "दादा, बॅटवर रेघाच नाहीत, नुसता पिवळा रंग दिसतोय." मग डिझायनर मशीनवाल्याला बोलतो, मशीनवाला म्हणतो फाइल तशीच होती, आणि दोघंही थोडेफार बरोबर असतात. पुढच्या वेळी डिझायनर रेघा गडद करतो. तेव्हा त्या दिसतात खऱ्या, पण बॅट लाकडाची वाटत नाही, पट्टे मारल्यासारखी दिसते. तिसऱ्या वेळी तो गुगलवरून बॅटचा फोटो उचलतो आणि कंपनीचा लोगो खोडत बसतो.

दुकानदार ग्रेन्ससाठी अडून बसतो याला कारण आहे. त्याचं गिऱ्हाईक बॅट हातात घेतल्यावर आधी ग्रेन्सच मोजतं. त्यांचा खेळावर खरंच किती फरक पडतो हा वादाचा विषय आहे, पण दुकानात भाव त्यांच्यावर ठरतो. म्हणून बॅनरवरच्या बॅटला ग्रेन्स नसतील तर क्रिकेट खेळणाऱ्या माणसाला ती बॅट हलक्या दर्जाची वाटते.

सगळं एकाच कामावर दाखवतो. बोर्ड १० फूट बाय ३ फूट, साधा फ्रंटलिट फ्लेक्स, सॉल्व्हंट मशीनवर. दुकान रस्त्याच्या कडेला आहे आणि बघणारा बहुतेक वेळा समोरच्या बाजूला, म्हणजे साधारण २० फुटांवर. उजव्या बाजूला तिरकी बॅट, डावीकडे दुकानाचं नाव. काम CorelDRAW मध्ये. तुम्ही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर बटणांची नावं बदलतील, हिशोब तोच राहील.

रेघ नेमकी कुठे हरवली?

रेघ तीन ठिकाणी हरवू शकते: फाइल एक्स्पोर्ट होताना, मशीनच्या शाईत, किंवा बघणाऱ्याच्या डोळ्यात. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. नेमकं कुठे ते न बघता नुसता रंग गडद केला तर एक दुखणं जातं आणि दुसरं येतं.

ओळखायला सोपं आहे. मशीनला जी JPG गेली तीच उघडा, तुमची CDR नाही. १०० टक्के झूमवर बॅटच्या पात्यावर जा. रेघ तुटक, पायऱ्यापायऱ्यांची किंवा पुसट दिसली तर ती एक्स्पोर्टमध्येच गेलेली आहे आणि मशीनवाल्याचा काही दोष नाही. फाइलमध्ये रेघ स्वच्छ असेल तर छापलेल्या फ्लेक्सजवळ हातभर अंतरावर उभे राहा. तिथे रेघेच्या जागी विखुरलेले ठिपके दिसले तर दोष शाईच्या टक्केवारीत आहे. जवळून रेघ ठीक दिसते आणि रस्त्यापलीकडून नाही, असं असेल तर ती मुळातच बारीक काढलेली आहे.

एक्स्पोर्ट: ३०० डीपीआय असूनही २५

आपल्याकडे बहुतेक जण फुटाला इंच धरून काम करतात. १० बाय ३ फुटांचा बोर्ड म्हणजे १० बाय ३ इंचांचं पान. पद्धत चांगली आहे, कॉम्प्युटर हँग होत नाही. गडबड एक्स्पोर्टला होते. "३०० डीपीआयला काढलंय, मग क्वालिटी कुठे गेली?" असा प्रश्न ऐकला की मी आधी पानाचा साइज विचारतो. १० इंचांना ३०० म्हणजे रुंदी ३००० पिक्सेल. मशीनवाला तीच फाइल १२० इंचांवर ताणणार, म्हणजे प्रत्यक्षात हातात राहतात २५ डीपीआय. त्या फ्लेक्सवर एक पिक्सेल सुमारे १ मिलिमीटरचा होतो.

आता बॅटचं बघू. खरी शॉर्ट हँडल बॅट ३४ इंचांच्या आसपास असते. बोर्डावर ती दुप्पट, ६८ इंच ठेवली आणि २० अंशांत तिरकी केली की उंचीला साधारण ३१ इंच घेते, म्हणजे ३६ इंचांच्या बोर्डात वरखाली मोकळी जागा राहते. आडव्यात ती साडेपाच फुटांच्या जरा पुढे जाते, बाकीचे सव्वाचार-साडेचार फूट नावाला मिळतात. खऱ्या बॅटवरची ग्रेनची काळसर रेघ अर्धा-एक मिलिमीटरची, दुप्पट केली तर एक ते दोन. २५ डीपीआयला ती जेमतेम एक-दोन पिक्सेलची उरते. तीही तिरकी, त्यामुळे पायऱ्या पडतात. वर JPG चं कॉम्प्रेशन अशा बारीक, फिक्या रेघांवरच आधी हात मारतं.

म्हणून डीपीआयचा आकडा बघायचा नाही, एकूण पिक्सेल बघायचे:

```
पिक्सेल = छापील इंच × छापील डीपीआय
120 × 72 = 8640
 36 × 72 = 2592
```

छापील मापाला ७२ डीपीआय या बोर्डाला पुरतात. एक्स्पोर्टच्या खिडकीत डीपीआयला हात न लावता रुंदीत सरळ ८६४० पिक्सेल टाका. १० इंचांच्या पानाला ते ८६४ डीपीआय होतात, घाबरू नका. मी JPG ऐवजी LZW कॉम्प्रेशनची TIFF देतो. CMYK मध्ये ती उघडल्यावर नव्वद एमबीच्या आसपास भरते, कुठलंही मशीन एवढं सहज घेतं.

याच टप्प्यावर अजून दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे व्हॉट्सॲप. फाइल फोटो म्हणून पाठवली की साध्या दर्जात ती सुमारे १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे १२० इंचांवर १३ डीपीआय, एक पिक्सेल जवळजवळ २ मिलिमीटरचा. दुकानदाराला प्रूफ पाठवायला हे ठीक आहे. पण पुष्कळदा तोच फोटो दुकानदार परस्पर मशीनवाल्याला पुढे ढकलतो, "हे फायनल आहे" म्हणून. प्रूफवर ठळक "फक्त बघण्यासाठी" असं आडवं लिहूनच पाठवा, आणि मशीनची फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हने द्या.

दुसरी गोष्ट आउटलाइनची. ग्रेन्स आउटलाइनने काढल्या असतील आणि F12 च्या खिडकीत `Scale with object` वर टिक नसेल, तर बॅट मोठी केल्यावर पातं मोठं होतं, रेघेची जाडी मात्र होती तेवढीच राहते. लहान बॅट काढून ती बोर्डावर ताणली तर हे होणारच. आणि जाडी `Hairline` ठेवली असेल तर पुढचं काही वाचायची गरजच नाही, तिथेच उत्तर आहे.

डोळ्याचा हिशोब

फाइल बिनचूक असली तरी निम्म्या बोर्डांवर ग्रेन्स दिसत नाहीत, त्या या कारणाने. चष्म्याचा नंबर नसलेल्या माणसाला ६ मीटरवरून, म्हणजे २० फुटांवरून, पावणेदोन मिलिमीटरचा तपशील जेमतेम वेगळा कळतो. तोही पांढऱ्यावर काळा असेल तर. क्रीमवर फिकट तपकिरी एक मिलिमीटरची रेघ त्या अंतरावरून दिसायचीच नाही, मशीन कितीही भारी असो. खऱ्या बॅटचं प्रमाण प्रामाणिकपणे पाळलं की बॅनरवर ग्रेन्स दिसत नाहीत, हे एकदा मान्य करून टाकायचं.

त्यामुळे इथे अतिशयोक्ती करावीच लागते. या बोर्डासाठी मी रेघेचा गडद भाग ४ मिलिमीटर धरतो आणि ग्रेन्सची संख्या कमी ठेवतो. पातं रुंदीला साडेआठ इंच, म्हणजे २१६ मिलिमीटर. त्यात सात ग्रेन्स. महागड्या बॅटवर दहा-बारा असतात म्हणून दुकानदार बारा मागतो. बारा घातल्या तर अंतर कमी होऊन लांबून पुन्हा सगळं एकसारखं पुसट होतं. त्याला पटवायची एक सोपी रीत आहे. स्क्रीनवर डिझाइन १० इंच रुंद दिसेल एवढं ठेवा आणि त्याला स्क्रीनपासून २० इंच, म्हणजे हातभर लांब बसवा. फुटाला इंच हेच प्रमाण अंतरालाही लागतं, त्यामुळे २० फुटांवरून बोर्ड जसा दिसेल तसाच तो त्याला तिथे दिसतो. सात आणि बारा दोन्ही दाखवा, तो स्वतःच सात म्हणतो. झूम करून मात्र दाखवू नका. प्रूफ झूम करूनच ही सगळी फसगत होते.

शाई

सॉल्व्हंट मशीन फिकट रंग पातळ करून देत नाही, त्याच शाईचे थेंब लांब लांब टाकून देतं. मोठ्या पृष्ठभागावर हे चालतं. चार मिलिमीटरच्या रेघेला मात्र थेंबच कमी मिळाले तर तिची कड नीट बनत नाही, ती ठिपक्यांची रांग होते. म्हणून रेघेत निदान एक-दोन शायांची टक्केवारी भरपूर हवी. पात्याला मी सायन २, मॅजेंटा ८, यलो २२ ठेवतो आणि रेघेला सायन २०, मॅजेंटा ४५, यलो ७०. काळा अजिबात नाही, फार तर ५. फिक्या क्रीमवर काळे थेंब सुटे सुटे दिसतात आणि लाकूड मळकट वाटतं. प्रत्येक मशीनची शाई निराळी, तेव्हा हे आकडे सुरुवातीचे समजा. तुमच्या मशीनवर छापून दहा-वीस टक्क्यांनी वरखाली करा.

पात्याचा रंग जास्त पिवळा करायचा मोह टाळा. "लाकूड म्हणजे पिवळं-तपकिरी" हे डोक्यात असतं, पण इंग्लिश विलो जवळजवळ पांढरट असतो. काश्मिरी विलो जास्त तपकिरी, आणि त्याच्या ग्रेन्सही तेवढ्या स्पष्ट नसतात. पिवळसर तपकिरी पात्यावर ठळक ग्रेन्स काढल्या की जाणकार गिऱ्हाइकाला ते विचित्र वाटतं, आणि दुकानदाराला तर लगेच खटकतं, कारण तो महाग माल विकतो आणि बोर्डावर स्वस्त दिसतो. शिवाय पातं पांढरट ठेवलं की रेघ फार गडद न करताही उठून दिसते, हा आपलाच फायदा.

दिसतात, पण पट्टे वाटतात

रेघा ठळक केल्या की ही दुसरी तक्रार येते. त्यासाठी बॅटचं लाकूड कसं कापलेलं असतं ते माहीत हवं. विलोच्या ओंडक्याचे केकच्या तुकड्यांसारखे मधून बाहेर फाटे पाडतात, आणि पात्याचा पुढचा चेहरा झाडाच्या वाढीच्या वलयांना आडवा छेदतो. एक वलय म्हणजे एका वर्षाची वाढ. ती वलयं चेहऱ्यावर शोल्डरपासून टोपर्यंत, म्हणजे पात्याच्या वरच्या खांद्यापासून खालच्या टोकापर्यंत, जाणाऱ्या सरळ रेघा म्हणून दिसतात, त्याच ग्रेन्स. यावरून तीन गोष्टी निघतात आणि त्या पाळल्या की पट्टे लाकूड वाटायला लागतात.

एक, झाड दर वर्षी सारखं वाढत नाही, म्हणून अंतरं सारखी नसतात. सहसा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे ती हळूहळू बदलत जातात. आपल्या पात्यावर मी अंतरं अशी ठेवली: २०, २२, २५, २८, ३२, ३६, ४० मिलिमीटर, आणि शेवटच्या रेघेनंतर कडेला १३. CorelDRAW मध्ये हे हाताने मोजत बसावं लागत नाही. पहिली आणि सातवी रेघ काढा, दोन्हींमध्ये Blend लावा, स्टेप्स ५, आणि प्रॉपर्टी बारवरच्या `Acceleration` चा स्लायडर एका बाजूला सरकवा. अंतरं आपोआप वाढत जातात. मग Ctrl+K ने Blend सोडवा आणि एखाद-दुसरी रेघ किंचित हलवा. दोन टोकांच्या रेघांना आधीच अगदी थोडा बाक दिलेला असेल तर मधल्या सगळ्यांना तो मिळतो. पट्टीने ओढलेली सरळ रेघ नको, पण लाटाही नकोत. ग्रेन नागमोडी झाली की बॅट पाण्यातली दिसते.

दोन, रेघ दोन्ही बाजूंनी सारखी नसते. वर्षाच्या शेवटची वाढ दाट आणि गडद असते, तिथे रेघेची कड स्वच्छ येते, दुसऱ्या बाजूला ती लाकडात विरत जाते. म्हणून आउटलाइन सोडून द्या आणि १० मिलिमीटर रुंदीची बंद पट्टी काढा. तिच्यात Linear फाउंटन फिल भरा: एका कडेला रेघेचा रंग, ४ मिलिमीटरपर्यंत गडद, पुढे पात्याच्या रंगात मिसळणारा. सगळ्या पट्ट्यांची गडद कड एकाच बाजूला हवी. एवढ्या एका बदलाने पट्ट्यांचं लाकूड होतं, बाकीचं सगळं नंतरचं.

तीन, पुष्कळ बॅटींना एका कडेला लालसर तपकिरी भाग असतो. ते झाडाच्या गाभ्याचं लाकूड. बॅनरवर हा भाग फार उपयोगी पडतो, कारण रेघा न दिसणाऱ्या अंतरावरूनही तो दिसतो आणि "हे लाकूड आहे" हे सांगतो. अंतरं मोठी आहेत त्या कडेला ३० मिलिमीटरचा पट्टा, सायन १५, मॅजेंटा ३५, यलो ५०, आतली कड विरलेली. ग्रेन्स त्याच्या वरून तशाच जातात.

नेटवरचं तयार वुड टेक्स्चर या सगळ्याला पर्याय होत नाही. त्यात कमानीसारखी वळणं आणि गाठी असतात, कारण ती बहुतेक दाराच्या फळ्यांची टेक्स्चर्स असतात. आणि बॅट फिरवली तरी `Transform with object` वर टिक नसेल तर टेक्स्चर जागचं हलत नाही. मग बॅट तिरकी, ग्रेन्स आडव्या, असा प्रकार होतो. टेक्स्चर वापरा किंवा नका वापरू, बॅट उभीच काढायची, सगळं घालून झालं की ग्रुप करायची आणि अगदी शेवटी फिरवायची.

बॅट पुढून जरा बाजूने दाखवत असाल तर एज दिसते. तिच्यावर चेहऱ्यासारख्याच रेघा मारू नका. एज वलयांना समांतर असते, त्यामुळे ती जवळपास कोरी, फार तर एखादी रुंद पुसट छटा. टोची जाडी दिसत असेल तर मात्र चेहऱ्यावरची प्रत्येक ग्रेन तिथे वळून पुढे गेली पाहिजे. नुसती एज कोरी ठेवली तरी बॅट भरीव वाटू लागते.

प्रमाणही तपासा. नियमाने पातं ४.२५ इंचांपेक्षा रुंद चालत नाही आणि बॅट ३८ इंचांपेक्षा लांब नाही. ३४ इंचांच्या बॅटला पातं सुमारे २२ आणि हँडल १२ इंच. स्टिकरवर नाव मोठं यावं म्हणून पातं आडवं ताणलं की बॅटचं धोपाटणं होतं. रुंदी एकूण लांबीच्या आठव्या भागाच्या आसपास ठेवायची.

ग्रिप

दुकानदार "ग्रिप टेप" म्हणतो तेव्हा आधी विचारून घ्या कुठली. क्रिकेटच्या बॅटची ग्रिप म्हणजे रबरी नळी असते, ती कोनवरून हँडलवर चढवतात. तिच्यावर तिरपे वेटोळे आणि एकावर एक चढलेल्या कडा नसतात. त्या बॅडमिंटनच्या रॅकेटला असतात, आणि बॅनरवरच्या निम्म्या बॅटी रॅकेटची ग्रिप घालून उभ्या असतात. टेनिस बॉलवाले मात्र हँडलवर खरोखर टेप गुंडाळतात. तसं दुकान असेल तर वेटोळे बरोबर.

नळीवरचे व्ही आकाराचे पट्टे किंवा कडी काढताना ते गोल हँडलवर आहेत हे दिसायला हवं. पट्टे सरळ ओढले की हँडल चपटं होतं. प्रत्येक पट्टा किंचित धनुष्यासारखा वाकवा, सगळे एकाच दिशेने, आणि वरून हँडलच्या लांबीभर एक सावली टाका: दोन्ही कडा गडद, एका बाजूला तिसऱ्या हिश्शावर उजळ पट्टी. खऱ्या ग्रिपवरच्या बारीक खाचा इथे काढायच्या नाहीत. दाट समांतर बारीक रेघा फ्लेक्सवर गिचमिड होतात आणि प्रूफ लहान करून बघितलं तर स्क्रीनवर लाटा नाचतात. दुप्पट बॅटीचं हँडल २४ इंच, म्हणजे ६१० मिलिमीटर. १६ मिलिमीटरचा पट्टा आणि १६ ची मोकळी जागा धरली तर एकोणीस पट्टे बसतात, ते पुष्कळ झाले.

काळी ग्रिप असेल तर चारही शाया १०० करू नका. एवढी शाई फ्लेक्स पीत नाही, कड फुटते आणि ओला फ्लेक्स गुंडाळला की आतल्या बाजूला चिकटतो. काळा १००, सायन ४०, मॅजेंटा ३०, यलो ३० एवढं पुरतं.

स्टिकर

"स्टिकर वरून चिकटवल्यासारखा वाटतो" ही तक्रार जरा गमतीची, कारण स्टिकर चिकटवलेलाच असतो. लोकांना खटकतं ते वेगळंच: पात्यावर ऊन-सावली आहे आणि स्टिकरवर नाही. दुसऱ्या टोकाला काही जण स्टिकरला Multiply लावतात, मग त्यातून ग्रेन्स आरपार दिसतात आणि स्टिकर पाण्याच्या रंगाने रंगवल्यासारखा होतो. स्टिकर अपारदर्शक असतो, ग्रेन त्याच्या कडेला थांबलीच पाहिजे.

थरांचा क्रम लावला की दोन्ही दुखणी जातात. सगळ्यात खाली पात्याचा रंग, त्यावर गाभ्याचा पट्टा, त्यावर ग्रेन्स, त्यावर स्टिकर, आणि सगळ्यात वर उजेड-सावलीचा एकच थर, पातं आणि स्टिकर दोघांनाही झाकणारा. म्हणजे लाकूड झाकलं जातं, उजेड मात्र दोघांवर सारखा पडतो. स्टिकर पात्याच्या कडेपासून ८ मिलिमीटर आत ठेवा, कोपरे थोडे गोल करा. जागा पात्याच्या वरच्या भागात, शोल्डरच्या खाली. हँडलचं वेत जिथे व्ही आकारात पात्यात घुसतं तो भागही त्याखाली झाकला जातो, नाहीतर त्या व्हीच्या आत विलोच्या ग्रेन्स काढायच्या नसतात हे लक्षात ठेवावं लागतं. पात्याचा मधला आणि खालचा भाग मोकळा ठेवा. चेंडू तिथे लागतो, आणि आपल्या सात ग्रेन्स दिसायची जागाही तीच. दुकानदार तिथेही मोबाइल नंबर टाकायला सांगतो, त्याला डावीकडे जागा करून द्या.

स्टिकरवर दुकानाचंच नाव टाकावं हे माझं मत. फलकांवरच्या अक्षरांना दर १० फुटांना १ इंच उंची हा ढोबळ नियम धरला तर २० फुटांना २ इंच लागतात. साडेआठ इंची पात्यावर ३ इंचांची अक्षरं आरामात बसतात. देवनागरी जोडाक्षरं आणि मात्रा असतील तर ३ च्या खाली जाऊ नका. कंपनीचा लोगो हवाच असेल तर दुकानदाराला त्याच्या डिस्ट्रिब्युटरकडून मूळ व्हेक्टर फाइल आणि वापरायची परवानगी दोन्ही मागवायला सांगा. नेटवरून ट्रेस केलेला लोगो वाकडा निघतो ते वेगळंच, पण नोंदवलेला ट्रेडमार्क १९९९ च्या कायद्याखाली येतो, आणि त्या कंपनीचा माल दुकानात नसताना तिचं नाव बोर्डावर लावलं तर भानगड दुकानदाराच्या गळ्यात पडते.

दोन बॅटी एकमेकींवर आडव्या ठेवायच्या असतील तर एक बॅट Mirror करतात आणि स्टिकरवरची अक्षरं उलटी होतात. हे बहुतेकांच्या लक्षात येतं. लक्षात येत नाही ते म्हणजे उजेडाची बाजूही उलटते, एका बॅटला ऊन डावीकडून आणि दुसरीला उजवीकडून. कोरी बॅट, म्हणजे लाकूड आणि ग्रेन्स एवढीच Mirror करा, दोघींना आपापल्या कोनात फिरवा, मग स्टिकर सरळ अक्षरांचा नव्याने बसवा आणि उजेडाचा थर शेवटी नव्याने टाका. ग्रेन्स उलटल्या तर बिघडत नाही, उलट दोन बॅटी वेगळ्या झाडाच्या वाटतात.

मशीनला देण्याआधी

पूर्ण बोर्ड छापण्याआधी एक फूट बाय एक फुटाचा तुकडा काढून घ्या. त्यात पूर्ण बॅट लहान करून टाकायची नाही, त्याने काहीच कळत नाही. अंतिम फाइलमधून ४ बाय १२ इंचांच्या तीन पट्ट्या मूळ मापात कापा: एक ग्रेन्सची, एक स्टिकरच्या कडेची, एक ग्रिपची. तिन्ही शेजारी ठेवून छापा. तुकडा भिंतीला लावून २० फुटांवर जा, आणि उन्हातच बघा. ट्यूबलाइटखाली फ्लेक्सची चमक कळत नाही, उन्हात तीच चमक फिकट रंग खाऊन टाकते. ग्रेन दिसत नसेल तर आधी मॅजेंटा आणि यलो दहा-दहाने वाढवा. त्यानेही भागलं नाही तर जाडी ४ ची ५ करा आणि एक ग्रेन कमी करा. स्टिकरच्या कडेला लाकडाची रेघ वर चढलेली दिसली तर थरांचा क्रम चुकलाय. ग्रिपचा काळा बोटाला लागला तर शाई जास्त आहे, ऑपरेटरला सांगण्याआधी फाइलमधली टक्केवारी बघा.